कीटोचा तक्ता देण्याआधी औषधांची चिठ्ठी मागा
(महाराष्ट्रातल्या जिम-प्रशिक्षकांना आणि डाएट कोचना खुले पत्र)

प्रशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

तुमच्याकडे येणारी बरीच माणसं पुढे माझ्याकडेही येतात. मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे त्यांच्या फोनमधला तुमचा तक्ता मला आता पाठ झालाय. सकाळी तीन अंडी आणि लोणी घातलेली कॉफी, दुपारी पनीर भुर्जी किंवा चिकन आणि परतलेला कोबी, संध्याकाळी मूठभर बदाम, रात्री पुन्हा पनीर. पोळी, भाकरी, भात, वरण, दूध, केळं या सगळ्यांवर फुली. समोरचा पंचविशीतला कॉलेजकुमार असो की निवृत्तीला आलेला बँक कर्मचारी, तक्ता तोच असतो.

हा तक्ता चालत नाही असं मी म्हणणार नाही. चालतो, आणि पहिल्या आठवड्यात तर झपाट्याने चालतो. दोन-अडीच किलो सात दिवसांत उतरतात, तुम्ही आधीचा-नंतरचा फोटो लावता, आणि पुढचे दहाजण येतात. पण त्या पहिल्या आठवड्यात नेमकं काय उतरलं, ते आधी पाहू.

आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. खाल्लेल्या पिष्टाचा हा हाताशी ठेवलेला साठा. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदकं दिवसाला तीस-चाळीस ग्रॅमवर आणली की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. शिवाय रक्तातलं इन्शुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि त्यामागे आणखी पाणी जातं. काट्यावरची ती घट खरीच असते, पण तिच्यात चरबीचा वाटा थोडा. म्हणूनच लग्नाच्या एका पंगतीनंतर दीड किलो परत येतं आणि माणूस हवालदिल होतो. चरबी एका जेवणाने जशी जात नाही तशी एका जेवणाने येतही नाही, हे त्याला तुम्ही सांगायला हवं. ते सहसा कोणी सांगत नाही, कारण मग पहिल्या आठवड्याच्या फोटोचाही हिशेब द्यावा लागतो.

आता वर्षाअखेरीचं बघू. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 609 प्रौढांवर एक प्रयोग केला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार दिला, निम्म्यांना कमी स्निग्धाचा. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखीच सांगितली होती: साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवा. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं. बारा महिन्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी 6 किलोंनी उतरलं होतं, दुसऱ्याचं 5.3 किलोंनी, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. जनुकं किंवा इन्शुलिनचं प्रमाण पाहून कोणाला कोणता आहार मानवेल हे आधी ओळखता येईल, ही आशाही फोल ठरली. मला मात्र सरासरीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांत काहींचं वजन पंचवीस किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. म्हणजे दोन आहारांतल्या फरकापेक्षा एकाच आहारावरच्या दोन माणसांतला फरक कितीतरी मोठा होता.

हा एकच प्रयोग असता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. 2022 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा 61 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. कमी कर्बोदकं आणि संतुलित आहार यांच्यात वजनाचा फरक पहिल्या काही महिन्यांत साधारण एक किलोचा, आणि एक-दोन वर्षांनी तोही जवळपास तेवढाच किंवा त्याहून कमी. लो कार्बच्या बाजूनेही बोलायचं तर अनेकांची भूक त्यात खरोखर कमी होते, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स खाली येतात, आणि मधुमेहींची साखर पहिल्या सहा महिन्यांत चांगली सुधारते. हे फायदे मी नाकारत नाही. माझ्याकडे काहीजण हा आहार नीट चालवणारे आहेत, आणि त्यांना मी तो सोडायला सांगत नाही.

गंमत म्हणजे या आहाराची पहिली गाजलेली जाहिरातही एक खुलं पत्रच होतं. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी 1863 मध्ये लठ्ठपणावर जनतेला उद्देशून एक पत्र छापलं आणि सुरुवातीला फुकट वाटलं. त्यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. ब्रेड, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे सोडून त्यांनी सुमारे एकवीस किलो वजन उतरवलं होतं. पण त्यांना त्यासाठी साधारण एक वर्ष लागलं, जेवणात ते थोडा टोस्ट आणि फळ घेत होते, आणि हे सगळं त्यांनी एका डॉक्टरच्या देखरेखीखाली केलं. तुमच्या तक्त्यांमधून नेमक्या या तीन गोष्टी गळाल्या आहेत.

आता आपल्या ताटाकडे येते. एक माणूस समोर धरू: वय बावन्न, वजन 84 किलो, उंची 168 सेंटिमीटर, बैठं काम. त्याचा रोजचा दिवस असा. दोन चमचे साखरेचा चहा तीनदा, म्हणजे तीस ग्रॅम साखर. सकाळी बशीभर पोहे, पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकं. दुपारी चार पोळ्यांची ऐंशी, वाटीभर भाताची चाळीस, वरणाची पंधरा. संध्याकाळच्या बिस्किटांची पंचवीस. रात्री दोन भाकऱ्यांची ऐंशी, पुन्हा भात चाळीस, आमटी पंधरा. दिवसभरातल्या भाज्यांची पंधरा धरली तर बेरीज होते तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम. त्याच्या एकूण उष्मांकांतला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा केवळ कर्बोदकांचा. हे त्याचं एकट्याचं खादाडपण नाही, भारतीय ताट सर्वसाधारणपणे असंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत तृणधान्यांचा वाटा उष्मांकांच्या 45 टक्क्यांपर्यंतच ठेवा असं सांगितलं आहे, ते याचसाठी.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण तुमच्यापैकी काहीजण भाताऐवजी भाकरी सुचवून त्याला लो कार्ब म्हणतात. ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या शंभर ग्रॅम पिठातली कर्बोदकं थोड्याफार फरकाने सारखीच. भाकरीत भातापेक्षा तंतू जास्त असतात, ती पोटात टिकते, हा तिचा गुण. पण दोन दणदणीत भाकऱ्या म्हणजे चार पोळ्याच. आणि उपासाच्या साबुदाण्याबद्दल न बोललेलं बरं. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्याच्यापुढे भातसुद्धा संयमी वाटतो.

या माणसाला तुमचा तक्ता तीनशे पंच्याऐंशीवरून पस्तीसवर आणतो. मी त्याला सव्वादोनशेच्या आत आणते. चहात साखर नावाला. पोहे अर्धे आणि सोबत दोन अंडी, किंवा शाकाहारी असेल तर मुगाचं धिरडं. दुपारी दोन पोळ्या, अर्धी वाटी भात, पण वरण किंवा उसळ दोन वाट्या आणि दही. बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे. रात्री एकच भाकरी, घट्ट आमटी आणि ताटाचा अर्धा भाग भाजी. कर्बोदकांतून जवळपास साडेसहाशे उष्मांक कमी झाले, अंडी, दही आणि शेंगदाण्यांतून दोन-अडीचशे परत आले. उरलेली तूट चारशेच्या घरात. पहिले काही महिने महिन्याला दीड ते दोन किलो, नंतर वेग मंदावतो. तुमच्या फोटोसाठी हे कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. पण या आहारावर तो गणपतीत एक मोदक खाऊ शकतो, बायको त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्या खिशातल्या गोळ्यांशी त्याचा अचानक झगडा होत नाही.

कारण या माणसाला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि तुमच्या फॉर्मवर तो रकाना नव्हता. तो रोज सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेतो, डापाग्लिफ्लोझिन 10 मिलीग्रॅम घेतो, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध असलेली गोळी घेतो. यात अनोखं काही नाही. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली आणि गावोगावच्या चिठ्ठ्यांवर दिसू लागली. तिची बहीण एम्पाग्लिफ्लोझिन 2025 मध्ये त्याच वाटेने गेली. सोमवारी हा माणूस तुमचा तक्ता सुरू करतो. पुढे काय होतं ते क्रमाने पाहा.

पहिला धोका पहिल्या एक-दोन दिवसांतच. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, समोर भात आलाय की नाही याची फिकीर न करता. गोळी पोटात, पोळी नाही, वर तुमचं तासाभराचं वर्कआउट. अकराच्या सुमारास त्याला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं तुटक होतं. साखर सत्तरच्या खाली गेलेली असते. अशा वेळी त्याला लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. 'कीटो मोडेल' म्हणून साखर नाकारणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहितेय. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनाही हाच धोका. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी कोसळत नाही.

दुसरा धोका तिसऱ्या-चौथ्या दिवशी. शरीर मीठ आणि पाणी टाकतंय, आणि रक्तदाबाची गोळीही तेच करतेय. तो डेडलिफ्ट करून उठतो आणि भोवळ येऊन पडतो. उभा राहिल्यावर चक्कर येणं ही खूण लक्षात ठेवा. बसून मोजलेला रक्तदाब ठीक असू शकतो, उभं राहून दोन-तीन मिनिटांनी मोजलेला घसरलेला निघतो. याला तुम्ही लिंबू-मीठ-पाणी देता. निरोग्याला ते पुरतं. या माणसाचा मात्र गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी करायला हवा असतो.

तिसरा धोका सर्वांत फसवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, म्हणजे नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली सगळी औषधं, रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेहात दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर अशी जाऊ शकते. शरीराला वाटतं उपासमार चाललीय. इन्शुलिन घटतं, चरबी वितळते, कीटोन्स वाढतात. त्यात तुम्ही ताटातली कर्बोदकंही काढून घेतलीत. दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखे कीटोन्स वाढत जातात आणि काहींचं रक्त आम्लधर्मी होतं. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, आणि तो जीव घेऊ शकतो. असा प्रकार सर्रास होत नाही, पण या औषधांसोबत त्याचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2015 मध्येच इशारा दिला होता.

फसवेपणा इथे आहे. नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये साखर चारशे-पाचशे असते, त्यामुळे घरच्यांनाही कळतं की काहीतरी बिघडलंय. इथे ग्लुकोमीटर एकशे साठ-सत्तर दाखवतं. माणूस म्हणतो, साखर तर मस्त आहे. त्याला मळमळतंय, उलट्या होतायत, पोट दुखतंय, अंगात त्राण नाही. तुम्ही त्याला सांगता, कीटो फ्लू आहे, दोन दिवसांत जाईल. दोघांची सुरुवातीची लक्षणं खरंच सारखी दिसतात: थकवा, डोकं जड, तोंडाला फळासारखा वास. फरक असा की साधा कीटो फ्लू मीठ-पाण्याने आणि विश्रांतीने एक-दोन दिवसांत हलका होतो, त्यात माणूस खातो-पितो. कीटोॲसिडोसिसमध्ये उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात आणि खोल चालतो, माणूस गुंगीत जातो. 'ग्लिफ्लोझिन' घेणाऱ्याला उलटी झाली की साखर कितीही असो, ती गोळी थांबवून त्याला रुग्णालयात न्यायचं आणि तिथे सांगायचं, 'हे औषध चालू आहे, कार्ब्स बंद आहेत, कीटोन आणि रक्तातलं आम्ल तपासा.' हे सांगितलं नाही तर तातडीच्या विभागात साखर पाहून त्याला पित्ताची गोळी देऊन घरी धाडलं जाण्याची शक्यता असते. लघवीच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. ती एका प्रकारचा कीटोन दाखवते, या आजारात जास्त वाढलेला असतो दुसराच, आणि तो रक्ताच्या चाचणीत कळतो. उपचारही सलाइनमधून ग्लुकोज आणि इन्शुलिन एकाच वेळी, म्हणजे घरी करण्यासारखं त्यात काही नाही.

आणखी एक मेख. हीच औषधं आता हृदय कमजोर झालेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या आजारातही दिली जातात, मधुमेह नसला तरी. त्यामुळे 'शुगर आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. गोळ्यांची पाकिटं बघावी लागतात. एकाच गोळीत तीन औषधं असतात, आणि ब्रँडच्या नावावरून काहीच कळत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं वाचा.

औषधांपलीकडची यादी मी लांबवत नाही, पण काहीजणांना हा तक्ता कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून देऊ नका. टाइप 1 मधुमेह असलेले. गर्भवती. अंगावर पाजणाऱ्या आया. बाळंतपणानंतरचं वजन उतरवायला त्या उत्सुक असतात, पण दूध तयार करायला शरीराला ग्लुकोज लागतं, आणि कडक लो कार्बवर असलेल्या निरोगी मातांनाही कीटोॲसिडोसिस झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्रिएटिनिन वाढलेले, कारण प्रथिनांचा मोठा भार त्यांच्या मूत्रपिंडाला नको असतो. पूर्वी उपाशी राहण्याच्या किंवा खाऊन ओकण्याच्या विकारातून गेलेल्या मुली आणि मुलं. पदार्थांवर फुल्या मारणारा कोणताही तक्ता त्यांना पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलू शकतो. आणि हृदयाची झडप बदलल्यामुळे रक्त पातळ करणारी असेनोकुमॅरॉल किंवा वॉर्फरिन ही गोळी घेणारे: पोळीच्या जागी अचानक पालक-कोबीचा मारा झाला तर त्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करतं.

लहान मुलांच्या बाबतीत एक उदाहरण पुरे. कीटोजेनिक आहार मुळात 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी मांडला, आणि आजही औषधांना दाद न देणाऱ्या फेफऱ्यावर तो मुलांना देतात. तिथे तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून सुरू करतात, ग्रॅम मोजून, जोडीला जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम देऊन, ठरावीक दिवसांनी रक्त तपासून. तोच आहार आपण दहावीतल्या गुबगुबीत मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवतो.

निरोगी तरुणाला तुम्ही लो कार्ब देणार असाल तर खुशाल द्या. फक्त सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी त्याचं कोलेस्टेरॉल तपासून घ्या. लोणी-पनीरच्या भरात काहींचं एलडीएल बरंच चढतं, वजन उतरत असतानाही, आणि ते आरशात दिसत नाही.

तुमच्याकडून मला हवंय ते कागदाच्या एका पानाएवढं आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर वजन आणि कंबरेच्या मापाखाली चार ओळी वाढवा: रोज कोणत्या गोळ्या घेता (पाकिटांचा फोटो जोडा), गरोदर आहात किंवा बाळाला पाजता का, मूत्रपिंड, यकृत किंवा पित्ताशयाचा काही त्रास आहे का, आणि अलीकडचा क्रिएटिनिन व साखरेचा अहवाल. गोळ्यांच्या रकान्यात इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, 'ग्लिफ्लोझिन' किंवा रक्तदाबाचं औषध दिसलं, तर तक्ता पाठवण्याआधी त्या माणसाला त्याच्या डॉक्टरकडे पाठवा. त्याला एवढंच विचारायला सांगा: 'मी कर्बोदकं निम्म्याहून कमी करणार आहे, माझे डोस बदलायचे का?' उत्तर येईपर्यंत त्याला दोन पोळ्या, दोन वाट्या उसळ आणि तुमचा व्यायाम द्या.

तुमची,
एक आहारतज्ज्ञ